लघुचित्र साधन म्हणून कसं वाचायचं? (जहांगीर खुर्रमला तोलतोय ते चित्र)

शाईचा_डाग
मंडळी, एम.ए. इतिहासाची तयारी चालू आहे. साधनावर आधारित प्रश्न असतो ना, एक चित्र देतात आणि त्यावरून लिहा म्हणतात, तिथे मी सारखी अडकते. सरावासाठी आलेलं चित्र सगळ्यांना माहीत असेल, ब्रिटिश म्युझियममधलं, जहांगीर बादशहा राजपुत्र खुर्रमला (म्हणजे पुढचा शाहजहान) तराजूत बसवून तोलतोय. प्रश्न असा: या चित्रावरून मुघल दरबारातला पोशाख, व्यापार आणि दरबारी जीवन याविषयी काय कळतं, आणि साधनाच्या मर्यादा काय? १५ गुण.

माझ्या उत्तरातली मुख्य वाक्यं देते:
"हे चित्र १६०७ साली काबूलला झालेल्या समारंभाचं आहे. राजपुत्राला सोनं, रत्नजडित कट्यारी आणि उंची कापड यांच्याबरोबर तोलत असत. दरबारी लोक जामा, कमरेला पटका आणि पगडी वापरत. कोनाड्यांतल्या चिनी वस्तूंवरून चीनशी व्यापार भरभराटीला आला होता हे दिसतं. अब्दुर्रहीम खानखानान या समारंभाला हजर होता."

मॅडमनी समासात एवढंच लिहिलंय, "हे वर्णन झालं, वाचन नाही." आता वर्णन आणि वाचन यात नेमका फरक काय आणि तो कागदावर कसा उतरवायचा? कुणी पेपर तपासणारे असतील तर प्लीज सांगा.

खडूफळा
मी तपासतो असले पेपर. तुमच्या मॅडमनी लिहिलं तेच मीही लिहिलं असतं. ७० टक्के मुलं चित्रात काय दिसतं त्याची यादी देतात आणि शेवटी एक ठोकळा चिकटवतात, "मात्र चित्रकार दरबारी असल्याने अतिशयोक्तीची शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य कुठल्याही चित्राखाली चालतं, म्हणून त्याला गुण नाहीत. मर्यादा त्या त्या विधानापाशीच सांगायला हवी. कापडावर बोलताय तर कापडाची मर्यादा तिथेच.

रंगपेटी
पोशाखाचा एक हमखास मुद्दा टाक. जाम्याचे, म्हणजे त्या घेरदार अंगरख्याचे, बंद बघायचे. उजव्या काखेत बांधलेले असतील तर मुसलमान, डाव्या बाजूला असतील तर हिंदू. मुघल चित्रांत हे एकदम पक्कं असतं, त्यावरून दरबारात राजपूत किती नि मुसलमान किती हे मोजून लिहिता येतं. मार्क पक्के.

बखरकर
शाईचा_डाग, तुमच्या उत्तरातलं दुसरं वाक्य आधी घेतो कारण सगळी गंमत तिथेच आहे.

चित्र मोठं करून बघा. राजपुत्र एका पारड्यात बसलाय आणि दुसऱ्या पारड्यात पिशव्या आहेत. कट्यारी, कापड, दागिने हे पारड्यात नाहीतच, ते पुढे जमिनीवर ताटांत मांडलेत. तुम्ही दोन्ही एकत्र करून "यांच्याबरोबर तोलत" असं लिहिलंत. जवळजवळ सगळे असंच लिहितात, कारण चित्राचं नाव 'तोलणे' आहे आणि समोर मौल्यवान सामान आहे, म्हणजे ते वजनाचंच असणार असं डोकं परस्पर जोडून टाकतं.

आता तुजुक उघडा, म्हणजे जहांगीरच्या स्वतःच्या आठवणी. त्यात या दिवसाची नोंद आहे. तो लिहितो की काबूलच्या ऊर्ता बागेत खुर्रमचा मुक्काम होता तिथे मी गेलो, जागा छान बांधलेली होती. माझे वडील स्वतःची तुला वर्षातून दोनदा करवीत, सौर वर्षाला एकदा आणि चांद्र वर्षाला एकदा, राजपुत्रांची मात्र फक्त सौर वर्षाला. पण या वर्षी खुर्रमचं चांद्र मानाने सोळावं वर्ष लागत होतं, ज्योतिषी म्हणाले पत्रिकेत मोठा योग आहे, त्यात त्याची तब्येतही बरी नव्हती, म्हणून मी त्याला सोनं, चांदी आणि इतर धातूंनी तोलायचा हुकूम दिला आणि ते सगळं फकिरांत नि गरजूंत वाटायचं ठरवलं. शेवटी म्हणतो की तो सगळा दिवस खुर्रमच्या घरी मजेत गेला आणि त्याने दिलेल्या भेटींपैकी बऱ्याच पसंत पडल्या.

हे शेवटचं वाक्य म्हणजे ताटांची किल्ली. ताटांतलं सामान बहुधा पेशकश आहे, मुलाने बापाला दिलेली. म्हणजे एकाच चित्रात दोन उलट्या दिशेचे व्यवहार चाललेत. पारड्यातलं धन बादशहाकडून खाली गरिबांकडे जाणार आणि ताटांतलं धन खालून वर बादशहाकडे. हे लिहिलंत की वर्णनाचं वाचन झालं. आणि त्याच वाक्यात आणखी काय चूक होते तेही लक्षात येईल: "तोलत असत" ही रीत झाली, पण जहांगीर स्वतःच सांगतोय की या वेळची चांद्र तुला हा अपवाद होता. एका चित्रावरून रीत सिद्ध होत नाही. रीतीसाठी आइन-इ-अकबरी आहे, अबुल फजलने लिहिलेला अकबराच्या कारभाराचा ग्रंथ, तिथे अकबराच्या सौर तुलेचे १२ पदार्थ आणि चांद्र तुलेचे ८ पदार्थ दिलेत, त्यात सोन्याबरोबर तूप, लोखंड, धान्य, मीठसुद्धा आहे. चित्रकाराने तूप-मीठ काढलं नाही, तेही टिपण्यासारखं.

चिंचेचं_बोटूक
म्हणजे अख्ख्या वर्गाने बापाला दिलेला आहेर मुलाच्या वजनात धरला 😄

शाईचा_डाग
बखरकर, हे भारीच आहे. पण परीक्षेत तुजुक हाताशी नसतं ना? नुसतं चित्र असतं आणि खाली एक ओळ ओळखीची.

खडूफळा
तुजुक पाठ असायची अपेक्षा कुणी करत नाही. पण पारडं वेगळं आणि ताटं वेगळी हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. "ताटांतील वस्तू तराजूत नाहीत, त्या भेटी असाव्यात, खात्रीसाठी लिखित साधन हवं" इतकं लिहिलं तरी मी गुण देतो. शेवटचा तुकडा महत्त्वाचा, कुठलं साधन हवं हे नेमकं लिहा. 'इतर साधने' असं मोघम नको.

विणकर
रंगपेटींचा बंदांचा मुद्दा. तो खूप ठिकाणी छापलेला असतो आणि ढोबळमानाने बरोबरही आहे, पण त्यावरून डोकी मोजायला जाऊ नका. आइनमध्ये तकौचिया नावाच्या अंगरख्याची नोंद आहे, बिनअस्तराचा, हिंदुस्थानी घाटाचा. आधी त्याचा घेर कापलेला असे आणि तो डावीकडे बांधत, अकबराने घेर गोल करायला लावला आणि बंद उजवीकडे. म्हणजे बाजू ही निव्वळ धर्माची खूण नाही, त्यात दरबारी हुकूमही आहे. शिवाय चित्रकार चेहरे आणि आकृत्या चरब्यावरून उतरवत, पारदर्शक कातड्यावर गिरवून ठेवलेले नमुने असायचे ते. चरबा उलटा ठेवला की माणसाचं तोंड दुसरीकडे फिरतं आणि दुरुस्ती राहिली तर बंदही बाजू बदलतात. म्हणून एकाच आकृतीवर विश्वास टाकायचा नाही, दहा जण एका बाजूला दिसले तर बोला.

कापडाबद्दल माझा अनुभव, मी विणकामातच आहे. चित्रावरून काय सांगता येतं? घेराची लांबी, पटक्याची रुंदी, बुट्टी कशी आहे, कापडातून आतला पायजमा दिसतोय का. आतलं दिसत असेल तर कापड तलम, इतपत ठीक. काय सांगता येत नाही? सूत की रेशीम, जरी खरी की नुसता सोन्याचा रंग, कापड ढाक्याचं की बुऱ्हाणपूरचं. चित्रात सगळी जरी सोन्याच्या वर्खाचीच असते. मुलं बिनधास्त "रेशमी वस्त्रे" लिहून मोकळी होतात, रेशीम कुठून दिसलं त्यांना?

आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे पोशाख कुठल्या साली धरायचा. चित्रकार घटनेच्या काळातले कपडे काढत नाही, स्वतःच्या काळातले काढतो. बाबरनाम्याची चित्रं बघा, प्रसंग बाबराच्या हयातीतले म्हणजे १५३० च्या आतले, पण ती चित्रं अकबराच्या चित्रशाळेत, १५८९ ला फारसी भाषांतर झालं त्यानंतर रंगवली. त्यातले जामे, पगड्या अकबरी आहेत. बाबराच्या पोशाखाचा पुरावा म्हणून ती चित्रं दिली की फसलात. आपल्या तुलेच्या चित्रातही प्रसंग १६०७ चा, पण चित्र साधारण १६१० ते १६१५ मधलं धरतात, मनोहर या दरबारी चित्रकाराच्या नावावर. फरक थोडा आहे, पण "१६०७ मधील पोशाख" असं न लिहिता "जहांगीरच्या सुरुवातीच्या वर्षांतला दरबारी पोशाख" असं लिहा, म्हणजे कुणी बोट ठेवू शकत नाही.

रंगपेटी
पण मग पोशाखावरून चित्राचा काळ काढतात तो कसा काढतात? उलटंही चालायला हवं ना.

विणकर
चालतं, पण त्याला बाहेरची तारीख लागते. सोपं उदाहरण, कानातले मोती. १६१४ मध्ये जहांगीर आजारातून उठला आणि ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींवरच्या श्रद्धेपोटी त्याने कान टोचून मोती घातले, बघून दरबाऱ्यांनीही टोचले. हे त्यानेच लिहून ठेवलंय. त्यामुळे जहांगीरच्या कानात मोती दिसले की चित्र १६१४ नंतरचं, हा चांगला निकष आहे. आधी लेखी तारीख, मग खूण, मग चित्र. नुसत्या पटक्याकडे बघून साल सांगणाऱ्यांपासून सावध.

अंगणवेल
मला एक विचारायचं होतं. आमच्या सासऱ्यांच्या जुन्या पेटीत असंच एक छोटं चित्र निघालंय, बादशहा घोड्यावर वगैरे, मागे उर्दूसारखं काहीतरी लिहिलंय. ते खरं असेल का आणि किती किमतीचं असेल? या विषयातली माणसं इथे दिसली म्हणून विचारते.

बखरकर
अंगणवेल, किमतीचं इथे नको, ते चित्र प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कुणी सांगू नये आणि सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण मागचं लिखाण जपा, काचेत घालताना मागची बाजू बंद करून टाकू नका. शिक्के, ग्रंथालयात जमा केल्याच्या नोंदी, मालक बदलल्याची नावं मागेच असतात. कित्येकदा जुन्या पुस्तकातलं मजकुराचं पान घेऊन त्याच्यावर नंतर चित्र रंगवलेलं असतं, तेव्हा मागचा मजकूर खरा जुना आणि पुढचं चित्र अलीकडचं असंही निघतं. जाणकाराला दोन्ही बाजू दाखवा.

गलबत
व्यापाराकडे कुणी वळलंच नाही अजून. "चीनशी व्यापार भरभराटीला आला होता" हे वाक्य मला सगळ्यात खटकलं. मागच्या भिंतीतल्या कोनाड्यांत चिनी मातीच्या वस्तू आहेत, ठीक. त्यावरून इतकंच म्हणता येईल की अशा वस्तू दरबारात माहीत होत्या आणि दाखवण्याजोग्या मानल्या जात होत्या. किती आल्या, कुणी आणल्या, कुठल्या बंदरात उतरल्या, इराणहून फिरून आल्या की सरळ, यातलं अक्षरही चित्रात नाही. आणि कोनाड्यात बाटल्या-सुरया मांडणं ही मुघलांची लाडकी सजावट होती, आग्र्याला इतमादुद्दौलाच्या कबरीच्या भिंतींवर अशा सुरया नि फुलदाण्या चितारलेल्याच आहेत. तेव्हा चित्रातला कोनाडा खऱ्या भांड्यांचा आहे की ठरलेल्या नक्षीचा, हा प्रश्न आधी.

खऱ्या भांड्यांची किंमत काय होती ते हॉकिन्सकडून कळतं. विल्यम हॉकिन्स हा इंग्रज १६०९ ते १६११ आग्र्याला जहांगीरच्या दरबारात होता. तो सांगतो की बादशहाच्या सामानाची देखरेख करणाऱ्या एका सरदाराच्या हातून एक चिनी ताट फुटलं, म्हणजे वाहून नेणारा उंट पडला. त्याने गुपचूप दुसरं मिळवायला माणूस पाठवला, पण तो परतायच्या आत बादशहाला आठवण झाली, सरदाराला मार पडला, कैद झाली आणि पुढे तसंच ताट शोधून आण म्हणून त्याला देशाबाहेर धाडलं. अखेर तसं ताट त्याला इराणच्या शहाकडून मिळालं म्हणतात. या गोष्टीतून दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे असलं ताट बाजारात जाऊन उचलता येत नव्हतं, म्हणजे "भरभराट" शब्द गेला. दुसरं म्हणजे वस्तू शोधायची वाट चीनइतकीच इराणकडेही जात होती. हॉकिन्सला जहांगीरचा लहरीपणा रंगवायचा होता हेही विसरायचं नाही.

गालिच्याचंही तसंच. दिसला गालिचा की लिहिलं इराणी आयात. आग्रा, लाहोर, फतेहपूर इथे गालिचे विणायला अकबराने कारागीर बसवले होते. नक्षी इराणी असेल, माल इथला असू शकतो.

टिपकागद
मग चित्रावरून व्यापारावर लिहायचंच नाही की काय? सगळंच खोडत बसलो तर १५ गुणांचं उत्तर ५ ओळींत संपेल.

गलबत
लिहायचं की! पण जिथे चित्र आणि लेख एकमेकांना धरून आहेत तिथे ठासून लिहायचं. जहांगीरचा चित्रकार मन्सूर याने काढलेला टर्की पक्षी घ्या, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. १६१२ मध्ये मुकर्रबखान गोव्याला गेला होता, बादशहाने त्याला तिथून दुर्मीळ चिजा खरेदी करायला सांगितलं होतं, त्या आणल्या त्यात हा पक्षी. जहांगीरने पक्ष्याचं वर्णन तर लिहिलंच, वर चित्रही काढायला लावलं, ऐकण्यापेक्षा बघून लोक जास्त चकित व्हावेत म्हणून. टर्की मूळचा अमेरिकेचा. म्हणजे अमेरिका, पोर्तुगीज, गोवा, मुघल अधिकारी, दरबार अशी आख्खी वाट एका पक्ष्यामागे उभी राहते आणि प्रत्येक टप्प्याला आधार आहे. तरी ही वाट हौसेच्या मालाची. मीठ, कापूस, नीळ यांचा व्यापार असल्या चित्रांत येतच नाही, कारण बादशहाला त्यांचं अप्रूप नव्हतं.

कोकणकडा
तुला म्हटल्यावर रायगड आठवणारच. १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांची सुवर्णतुला झाली होती. मग ही प्रथा मुघलांची की आपली?

बखरकर
तुलादान जुनं आहे कोकणकडा, मुघलांच्या आधीपासून हिंदू राजे करत आले. मुघल तुलेत मुसलमानी दरबार आणि इथला विधी एकत्र आलेत, हा दरबारी जीवनाचा मुद्दा उत्तरात यायलाच हवा. जहांगीरच्या नोंदीत ज्योतिषी आहेत बघा.

बखरकर
आता शेवटचं वाक्य, "खानखानान हजर होता." दरबाऱ्यांच्या कपड्यांवर बारीक अक्षरांत नावं लिहिलीत, त्यात खानखानानचं आहे, त्यामुळे तुम्ही तसं लिहिणं साहजिक आहे. पण खानखानान तेव्हा दख्खनच्या मोहिमेवर होता. तुजुकमध्येच १६०८ ची नोंद आहे की तो बुऱ्हाणपूरहून आला आणि भेटला, आनंदाने इतका भारावला होता की आपण पायांवर चालत आलो की डोक्यावर हेही त्याला कळेना. काबूलचा समारंभ त्याच्या आदल्या वर्षीचा. म्हणजे चित्रकाराने मागाहून, दरबारात ज्यांचं वजन होतं त्या माणसांना एका जागी बसवलंय. चेहरे चरब्यांवरून घेता येतातच. चित्र हजेरीपटासारखं वाचता येत नाही, पण चित्र काढलं तेव्हा बादशहाजवळ कोण दाखवण्याजोगं होतं, हे त्यातून कळतं.

टिपकागद
थांबा, यातून दुसराही निष्कर्ष निघतो. तुला दरवर्षी व्हायच्या. खानखानान चित्रात आहे आणि १६०७ ला तो काबूलला नव्हता, तर हे चित्र १६०७ चं नसेलच! चित्रावर "काबूल, ऊर्ता बाग" असं लिहिलंय का? प्रसंगाची ओळख आपणच तुजुकवरून लावली, आणि मग त्याच तुजुकवरून चित्र कसं चुकलं हे सांगतोय. हे गोल गोल फिरणं झालं.

बखरकर
आक्षेप रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की बाप स्वतः जाऊन मुलाला तोलायला लावतो आणि मुलाच्या भेटी पसंत करतो, अशी तपशीलवार नोंद याच प्रसंगाची आहे, म्हणून जुळणी चांगली बसते.

टिपकागद
चांगली बसते म्हणजे तीच असं नाही. ताटं पेशकशीची हेही तुम्ही तिथूनच घेतलंत. मला पटलं नाही.

खडूफळा
विद्यार्थ्याने यात निकाल द्यायची गरजच नाही. "प्रसंग १६०७ चा मानला जातो" असं लिहायचं आणि खानखानानमुळे अडचण कुठे येते ती एका वाक्यात. दोन्ही शक्यता मांडणाऱ्याला मी जास्त देईन.

कडूनिंब
मला एवढा खटाटोपच कळत नाही. पगारी चित्रकार, बादशहाची स्तुती, सगळं खोटं. जहांगीर मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय असंही चित्र आहे, अबुल हसनचं, डब्लिनला चेस्टर बीटीमध्ये. प्रत्यक्षात अंबर कधी त्यांच्या हाती लागला? १६२६ ला म्हातारा होऊन आपल्या मरणाने गेला. त्या चित्रावर इतिहास लिहाल?

अबोली
लिहू की, कडूनिंब! ते चित्र अंबरच्या मरणाचा पुरावा नाही पण जहांगीरच्या डोक्यात अंबर किती भरला होता याचा याहून चांगला पुरावा कुठला? ज्याला रणात धरता आलं नाही त्याचं मुंडकं भाल्यावर लावून घेतलं, कागदावर. घटना खोटी असली तरी इच्छा खरी आहे. आणि त्यातलं धनुष्य, बंदूक, कपडे हे चित्रकाराला खोटं काढायचं काहीच कारण नव्हतं. खोटं बोलायचं कारण कुठे आहे आणि कुठे नाही, हे प्रत्येक तपशिलाला वेगळं विचारायचं.

दरबारी जीवनावर लिहिताना खोडाखोडीकडेही बघा म्हणते मी. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात तारीफ-इ-हुसेनशाही आहे, अहमदनगरच्या हुसेन निजामशहावरचं आफताबीचं काव्य, १५६५ च्या आसपासचं. मूळ १४ चित्रांपैकी १२ उरलीत. त्यात शहाशेजारी त्याची बेगम खुंजा हुमायून दाखवली होती, आणि नंतर तिची आकृती पुसून टाकलीय. हुसेन वारल्यावर तिने मुलाच्या नावाने कारभार केला आणि १५६९ मध्ये मुलानेच तिला कैद केलं, हे लक्षात घेतलं की पुसलेली जागा बोलायला लागते. चित्रातला तो डाग हासुद्धा दरबारी जीवनाचा पुरावा, आणि तो कुठल्या पगारी चित्रकाराने स्तुतीसाठी काढलेला नाही. मुघल दरबाराच्या चित्रात बायका नाहीत हेही लिहिता येतं, पण "नव्हत्या" आणि "दाखवल्या नाहीत" यात फरक करून.

कडूनिंब
पुसलेल्या जागेचं माहीत नव्हतं. बघायला हवं.

गलबत
पारड्यातल्या पिशव्यांवर एक राहिलं. सर थॉमस रो, इंग्रजांचा वकील, त्याने १ सप्टेंबर १६१७ ला मांडूला जहांगीरची तुला समोर बघितली. सोन्याची पारडी, रेशमी दोर, सगळं त्याने नोंदवलंय, आणि मग म्हणतो की सोनं-रत्नं म्हणून सांगितलं पण मला काही दिसलं नाही, पिशव्यांत होतं, खडेही असतील. आपल्या चित्रातही पिशव्याच आहेत. चित्रकार आणि परका वकील दोघे पिशव्यांबद्दल सहमत, आत काय होतं ते मात्र बादशहाच सांगतो. रोला त्या दरबारात हवं ते मिळत नव्हतं, त्याची खट्टू नजर धरूनही पिशव्यांची गोष्ट टिकते.

शाईचा_डाग
सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. मधला परिच्छेद नव्याने लिहिलाय, बघा बरं:

"चित्रातील प्रसंग १६०७ च्या काबूल येथील तुलेचा मानला जातो, चित्र मात्र काही वर्षांनंतरचे आहे. राजपुत्र एका पारड्यात असून दुसऱ्यात पिशव्या आहेत. पिशव्यांत काय आहे ते चित्रात दिसत नाही, जहांगीर सोने, चांदी व इतर धातू सांगतो, तर रोने १६१७ च्या तुलेबाबत शंका घेतली आहे. पुढील ताटांतील कट्यारी व कापड तराजूत नाहीत, ती पेशकश असावी. म्हणजे दरबारात दान आणि भेट हे दोन्ही व्यवहार सर्वांसमोर होत. जामा, पटका, पगडी हा दरबाऱ्यांचा पोशाख दिसतो, पण तो चित्र काढले त्या काळातील धरावा, आणि कापडाचा धागा किंवा गाव यावरून ठरत नाही. कोनाड्यांतील चिनी वस्तूंवरून त्यांची प्रतिष्ठा कळते, व्यापाराचे प्रमाण कळत नाही, त्यासाठी बंदरांच्या व कंपन्यांच्या नोंदी पाहाव्या लागतील. खानखानानचे नाव लिहिलेले असले तरी तो १६०८ मध्ये बुऱ्हाणपूरहून दरबारात आल्याची नोंद आहे, त्यामुळे एकतर चित्रकाराने त्याला मागाहून घातले किंवा प्रसंग वेगळा आहे."

खडूफळा
१५ पैकी ११ आत्ताच. पोशाखात अजून जागा आहे, कोण कुठे उभा आहे आणि बादशहाच्या किती जवळ आहे ते आलं नाही. बादशहाने तराजूला स्वतः हात लावलाय, त्यावर दोन ओळी हव्यात. दरबारात बादशहा स्वतःच्या हाताने काम करताना सहसा दाखवत नाहीत.

विणकर
"पगडी" सगळ्यांची सारखी आहे का ते बघून लिही. बांधणी, वरचा तुरा, यात दर्जा दिसतो.

टिपकागद
"किंवा प्रसंग वेगळा आहे" हे ठेवल्याबद्दल आभार. फक्त "मानला जातो" पुढे कशावरून मानला जातो तेही घाल, म्हणजे तुजुकमधल्या वर्णनाशी जुळतो म्हणून. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल चित्रावरच तारीख आहे.

शाईचा_डाग
घालते. बादशहाच्या हाताचं लिहिताना मात्र प्रश्न पडलाय, तो हात मुलाच्या काळजीने लावलाय की विधीचा भाग म्हणून? तुजुकमध्ये तब्येतीचा उल्लेख आहेच.

बखरकर
तोललं जायचा हुकूम दिला एवढंच जहांगीर लिहितो, स्वतः हात लावल्याचं लिहीत नाही. हात चित्रकाराने घातलाय. काळजी म्हणायची की वारसा कुणाकडे जाणार याची जाहिरात, ते चित्र कधी काढलं त्यावर अवलंबून आहे. १६१० नंतर खुर्रमचं पारडं दरबारात जड होत गेलं होतं. दोन्ही लिहा, काळजीला तुजुकचा आधार द्या आणि दुसऱ्याला चित्राच्या काळाचा.